|sin x| आणि sin² x: आवर्तन एकच, आलेख वेगळे

पार्श्वभूमी

अकरावीतली एक विद्यार्थिनी माझ्याकडे गणितासाठी येत असे. बीजगणितात तिचा हात चांगला बसलेला होता, त्रिकोणमितीची सूत्रंही पाठ होती. sin x चा आलेख ती न चुकता काढायची: शून्यातून निघालेली लाट, π/2 ला 1, π ला पुन्हा शून्य, 3π/2 ला −1 आणि 2π ला परत शून्य. म्हणून पुढचा गृहपाठ सोपाच जाईल असं मी धरून चाललो होतो. प्रश्न असा होता: y = |sin x| आणि y = sin² x यांचे आलेख −π ते 2π या टप्प्यात एकाच जोडअक्षांवर काढा आणि प्रत्येकाचं आवर्तन कारणासह लिहा. आवर्तन म्हणजे आपण वर्गात ज्याला पिरियड म्हणतो ते, आलेख जितकं अंतर सरकवल्यावर स्वतःवरच तंतोतंत बसतो त्यांपैकी सर्वांत लहान धन अंतर.

वही उघडली तेव्हा कागदावर एकच आलेख दिसला. |sin x| तिने बरोबर काढला होता. X-अक्षाच्या खाली गेलेला भाग उचलून वर घेतला होता, त्यामुळे शेजारी शेजारी तीन कमानी झाल्या होत्या. sin² x मात्र तिने त्याच कमानींवरून दुसऱ्या रंगाने गिरवला होता. बाजूला लिहिलं होतं, "दोन्ही आलेख सारखेच."

आवर्तनाचं उत्तर दोन्हींसाठी 2π. कारण असं:

sin(x + 2π) = sin x, म्हणून |sin(x + 2π)| = |sin x| आणि sin²(x + 2π) = sin² x.

अडचण

पहिल्या नजरेला दोन चुका दिसतात, पण त्या एकाच जातीच्या नाहीत.

आवर्तनाच्या उत्तरातली प्रत्येक ओळ खरी आहे. 2π ने सरकवलं की दोन्ही आलेख स्वतःवर बसतात, यात काहीच खोटं नाही. उणीव एवढीच की तिने 2π हे *एक* चालणारं अंतर आहे हे दाखवलं, *सर्वांत लहान* आहे हे दाखवलं नाही. अशी चूक पकडायला अवघड असते, कारण ओळींवरून बोट फिरवत गेलं तर कुठेच अडकायला होत नाही. गंमत अशी की तिने स्वतः काढलेली आकृतीच या उत्तराच्या विरोधात साक्ष देत होती. 0 ते π मधली कमान आणि π ते 2π मधली कमान हुबेहूब सारख्या होत्या. तिने आकृती एका डोक्याने काढली होती आणि आवर्तन दुसऱ्या डोक्याने लिहिलं होतं.

आलेखाची चूक वेगळी होती. मी विचारलं, "sin² x काढताना तू कोणकोणत्या किमती घेतल्यास?" तिने मागचं पान दाखवलं. x = 0, π/2, π, 3π/2, 2π या पाच किमती होत्या आणि sin² x च्या किमती अनुक्रमे 0, 1, 0, 1, 0. |sin x| चा तक्ताही तोच, 0, 1, 0, 1, 0. "सर, सगळे बिंदू तेच आले, मग आलेखही तोच ना?"

तक्ता बरोबर होता, फक्त नेमका तिथेच विरळ होता जिथे फरक दिसायला हवा होता. 0 आणि 1 या दोनच संख्या अशा आहेत की वर्ग केला तरी जशाच्या तशा राहतात. तिने निवडलेल्या प्रत्येक x ला |sin x| ची किंमत या दोनांपैकीच एक होती. अशा बिंदूंवर ही दोन फलं वेगळी दिसणं शक्यच नव्हतं.

समोरचे पर्याय

त्या क्षणी माझ्यासमोर तीन-चार वाटा होत्या.

सर्वांत जवळची वाट म्हणजे नियम सांगून मोकळं होणं: मॉड लावला किंवा वर्ग केला की आवर्तन निम्मं होतं. उत्तर लगेच बरोबर येतं आणि पुढचा प्रश्न घेता येतो. मी तो तेव्हा बाजूला ठेवला, पण पूर्णपणे नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दुसरी वाट आलेख काढणाऱ्या ॲपची. दोन्ही फलं टाकली की दोन रंगांच्या रेषा समोर येतात आणि त्या वेगळ्या आहेत हे वादातीत कळतं. पण *का* वेगळ्या हे स्क्रीन सांगत नाही. शिवाय रेषा X-अक्षाला टेकते तिथे खरंच टोक आहे की फक्त अरुंद वळण, हे स्क्रीनवरच्या जाडसर रेषेत नीट उमगत नाही. ॲप शेवटी पडताळणीसाठी ठेवायचं ठरवलं.

तिसरी वाट नित्यसमानतेची: sin² x = (1 − cos 2x)/2. इथून आकार आणि आवर्तन दोन्ही एका ओळीत निघतात. अडचण अशी की ही वाट |sin x| ला लागू पडत नाही, आणि मला दोन्ही फलं एकाच कारणाने समजावीत असं वाटत होतं. म्हणून आधी तक्ता दाट करायचा, मग नित्यसमानता आणायची आणि आवर्तनाची सिद्धता व्याख्येवरून करायची, असा क्रम मी धरला.

काय केलं: आलेख

तिला π/6, π/4 आणि π/3 या किमती घ्यायला सांगितल्या. |sin x| साठी 0.5, 0.707 आणि 0.866 आल्या. sin² x साठी 0.25, 0.5 आणि 0.75. दुसरी ओळ लिहितानाच ती म्हणाली, "हे तर खाली आलं." मग कारणही तिनेच सांगितलं: 0 आणि 1 यांच्या मधल्या संख्येचा वर्ग केला की ती लहान होते. म्हणजे sin² x चा आलेख कुठेही |sin x| च्या वर जात नाही. दोन्ही फक्त X-अक्षावर आणि शिखरावर एकमेकांना भेटतात.

दोघांमधलं अंतर सर्वांत जास्त कुठे असेल, हेही मी विचारलं. |sin x| ला s म्हटलं तर अंतर s − s² होतं आणि ते s = 1/2 असताना सर्वांत मोठं, म्हणजे 1/4. त्यामुळे π/6 आणि 5π/6 इथे दोन रेषांमध्ये चौकोनी कागदावर स्पष्ट दिसेल एवढी फट पडायलाच हवी. हाताने काढलेला आलेख तपासायला ही चांगली खूण आहे.

तिने नवी आकृती काढली. आता sin² x खाली होता, शिखर बरोबर होतं, पण मुळाशी, x = 0 आणि x = π इथे, तिने पुन्हा टोकच काढलं होतं. (0, 0) पासून (π/6, 0.25) पर्यंत जवळजवळ सरळ रेष, आणि तशीच डावीकडे. तिच्या तक्त्यात 0 आणि π/6 यांच्यामध्ये काहीच नव्हतं, तेव्हा तिने जागा सरळ रेषेने भरली. दुसऱ्यांदा तीच चूक, फक्त आता लहान जागेत.

मी म्हणालो, "शून्याच्या अगदी जवळ जाऊ या. x = 0.1 घे, रेडियनमध्ये." कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता, म्हणून पहिलं उत्तर 0.0017 आलं. तो रेडियनवर आणला तेव्हा sin 0.1 = 0.0998 मिळालं आणि त्याचा वर्ग 0.00997. मग x = 0.01 घेतलं: |sin x| जवळजवळ 0.01 आणि sin² x जवळजवळ 0.0001.

या किमतींना x ने भागून पाहायला सांगितलं, म्हणजे मूळ बिंदूपासून तिथपर्यंतच्या रेषेचा चढ कळतो. |sin x| साठी तो दोन्ही वेळा जवळपास 1 राहिला. x ऋण घेतला की तोच −1 होतो. डावीकडून −1 च्या चढाने उतरणारी आणि उजवीकडे +1 च्या चढाने निघणारी रेषा जिथे भेटते तिथे टोक होणारच. sin² x साठी मात्र चढ 0.1 च्या आसपास, मग 0.01 च्या आसपास. जितकं जवळ जावं तितका चढ शून्याकडे. तिने पेन्सिल थांबवली आणि म्हणाली, "म्हणजे हा अक्षाला अलगद टेकतो, आपटत नाही." मला याहून चांगलं वर्णन सुचलं नसतं.

लहान x साठी sin x हा जवळजवळ x एवढाच असतो. म्हणून शून्याजवळ |sin x| हा |x| सारखा दिसतो आणि sin² x हा x² सारखा. एक इंग्रजी V, दुसरा तळ गोल असलेली वाटी. याच कारणाने x = 0, ±π, ±2π अशा बिंदूंवर |sin x| विकलनीय नाही आणि sin² x सगळीकडे विकलनीय आहे.

आता नित्यसमानता आणली. (1 − cos 2x)/2 म्हणजे cos 2x ची लाट उलटी करायची, 1 ने वर उचलायची आणि उंची निम्मी करायची. तिने त्या क्रमाने चार फिकट रेषा काढल्या आणि शेवटची रेषा तिच्या तक्त्यातल्या बिंदूंमधून गेली. sin² x ही y = 1/2 या रेषेभोवती खाली-वर होणारी अस्सल लाट आहे, अर्धा भाग रेषेच्या वर, अर्धा खाली. |sin x| तशी लाट नाही. त्याच्या कमानी सगळीकडे खाली तोंड करून असतात, आणि वळणाची दिशा बदलण्याऐवजी ते टोकाला मोडतात.

sin² x च्या या समतोलाचा पुरावा तक्त्यातच होता. π/6 आणि π/3 हे π/4 च्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत, आणि तिथल्या किमती 0.25 आणि 0.75. बेरीज 1. |sin x| च्या 0.5 आणि 0.866 यांच्या बाबतीत असं होत नाही. हे योगायोगाने घडत नाही: π/6 आणि π/3 यांची बेरीज π/2 आहे, त्यामुळे एकाचा साइन तोच दुसऱ्याचा कोसाइन, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज 1.

काय केलं: आवर्तन

इथे मी तिच्याच ओळीपासून सुरुवात केली, कारण ती खोटी नव्हती. "2π ने चालतं हे तू दाखवलंस. त्याहून लहान काही चालतं का?" तिने आकृतीकडे पाहून π म्हटलं. मग लिहून दाखवायला सांगितलं:

sin(x + π) = −sin x

|sin(x + π)| = |−sin x| = |sin x|

sin²(x + π) = (−sin x)² = sin² x

सगळं रहस्य पहिल्या ओळीत आहे. π ने सरकलं की साइनचं चिन्ह बदलतं, आकडा तोच राहतो. मॉड आणि वर्ग दोघंही चिन्ह पुसून टाकतात, म्हणून त्यांच्या दृष्टीने x आणि x + π यांत फरक उरत नाही.

पण π हे सर्वांत लहान आहे का? तिने cos 2x चा आधार घेतला: cos चं आवर्तन 2π, म्हणून cos 2x चं π. sin² x साठी हे पुरेसं आहे. |sin x| साठी काय? इथे थोडा वेळ गेला. तिने π/2 घालून पाहिलं, x = 0 ला किंमत 0 आणि x = π/2 ला 1, म्हणजे π/2 चालत नाही. मग π/3, π/4. प्रत्येक लहान अंतर एकेक करून नाकारत बसलो तर कधीच संपणार नाही, हे तिला तिसऱ्या प्रयत्नाला जाणवलं आणि ती थांबली.

तेव्हा मी सुचवलं की नुसत्या शून्यांकडे बघ. समजा T हे कोणतंही चालणारं धन अंतर आहे. मग x = 0 घेतलं तर x = T ला किंमत तीच, म्हणजे 0 असली पाहिजे. |sin T| = 0 म्हणजे sin T = 0, आणि साइन शून्य होतो तो फक्त π च्या पूर्ण पटींवर. T धन असल्याने तो π, 2π, 3π यांपैकीच कुणीतरी. π चालतो हे आधीच दाखवलं आहे, तेव्हा सर्वांत लहान π. sin² T = 0 मधूनही sin T = 0 हेच निघतं, म्हणून ही सिद्धता एकही शब्द न बदलता दोन्ही फलांना लागू पडते. ज्या पाच बिंदूंनी आलेखात तिची दिशाभूल केली, त्यांतल्याच शून्यांनी इथे काम केलं.

जिथे मी चुकलो

तास संपता संपता, वहीत लिहून ठेवायला काहीतरी सुटसुटीत हवं म्हणून मी म्हणून गेलो, "थोडक्यात, मॉड किंवा सम घात आली की आवर्तन निम्मं." आधी बाजूला ठेवलेला नियम मी स्वतःच्या हाताने तिच्या वहीत घातला.

पुढच्या आठवड्यात तिने |tan x| चं आवर्तन π/2 लिहून आणलं. नियमाप्रमाणे बरोबरच: tan x चं π, निम्मं π/2. प्रत्यक्षात x = 0 ला |tan x| शून्य आहे आणि π/2 ला तो ठरवताच येत नाही. तेव्हा π/2 ने सरकवून आलेख स्वतःवर बसणं अशक्य आहे. |tan x| चं आवर्तन π च आहे, आणि tan² x चंही.

त्याच वहीत |1/2 + sin x| साठी π होतं. तेही चूक. π/2 ला किंमत 3/2 आणि 3π/2 ला 1/2, म्हणजे π ने सरकवून जमत नाही. 3/2 ही किंमत sin x = 1 असेल तेव्हाच येते, म्हणजे 2π च्या अंतराने एकदाच. आवर्तन 2π च राहतं.

नियम फसला कारण त्यात कारणच नव्हतं. आवर्तन निम्मं होतं ते मॉडमुळे नाही. मूळ फल अर्ध्या आवर्तनाने सरकवल्यावर फक्त चिन्ह बदलत असेल तरच मॉड किंवा वर्ग त्या सरकण्याला लपवू शकतो. साइन आणि कोसाइन यांना हा गुण आहे. tan x ला नाही: π/2 ने सरकवलं की tan x चा −cot x होतो, जो वेगळाच आकडा आहे. 1/2 + sin x मध्ये बेरजेमुळे तो गुण मोडतो.

निष्पत्ती

तिने नियम खोडला आणि त्या जागी दोन प्रश्न लिहिले: कोणत्या अंतराने चालतं, आणि त्याहून लहान का चालत नाही. महिन्याभराने तिला |sin x| + |cos x| दिला. पहिलं उत्तर π आलं, "कारण दोघांचंही π आहे." सुरुवातीचीच चूक नव्या कपड्यांत: चालणारं अंतर सापडलं, सर्वांत लहान शोधलं नाही. पण यावेळी मी काही बोलायच्या आत ती दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. π/2 ने सरकवलं की sin x चा cos x होतो आणि cos x चा −sin x. मॉडमुळे दोन पदं फक्त जागा बदलतात, बेरीज तीच.

मग लहान का नाही? बेरजेचा वर्ग केला तर 1 + |sin 2x| येतो, हे तिने स्वतः मांडलं. x = 0 ला बेरीज 1, आणि ती पुन्हा 1 होते तेव्हाच जेव्हा sin 2x = 0, म्हणजे π/2 च्या पटींवर. शून्यांवरून केलेली तीच सिद्धता, फक्त शून्याच्या जागी 1. आवर्तन π/2.

पुन्हा करायचं झालं तर

तक्ता करायला सांगण्याआधी मी विचारेन की 0 आणि 1 सोडून कोणत्या किमती घ्याव्यात आणि का. π/6 मी सुचवल्यामुळे तिने ते घेतलं, स्वतः निवडलं नाही, आणि म्हणूनच मुळाजवळची जागा दुसऱ्यांदा रिकामी राहिली. x = 0.1 चा प्रयोग मी पहिल्या पाच मिनिटांत करेन.

नियम सांगायचाच असेल तर |tan x| आधी ठेवेन, म्हणजे तो कुठे थांबतो हे त्याच्यासोबतच कळेल.

आणि तिच्या पहिल्या आकृतीतल्या |sin x| वर एक पारदर्शक कागद ठेवून गिरवायला सांगेन. तो कागद हळूहळू उजवीकडे सरकवला की आवर्तनाचा प्रश्न सूत्राशिवाय हातात येतो. 2π लिहिणाऱ्या मुलीला कागद π वरच बसलेला दिसला असता. त्या आधी तो कुठे बसत नाही हे डोळ्यांना पटलं असतं, पण सिद्ध झालं नसतं; त्यासाठी sin T = 0 ची ओळ लिहावीच लागली असती.